पान सरळ केले, मजकूर उलटाच राहिला: स्कॅनिंग करणाऱ्या संस्थांना खुले पत्र

प्रति,
जुने अहवाल, ग्रंथ आणि कार्यालयीन दप्तरे स्कॅन करून वाचकांसाठी खुली करणाऱ्या सर्व संस्थांचे व्यवस्थापक आणि तेथील तांत्रिक विभाग

विषय: आडव्या आणि उलट्या स्कॅन झालेल्या पानांची दिशा, आणि मजकूर काढण्यापूर्वीच ती तपासण्याबाबत

महोदय, महोदया,

जुन्या छापील अहवालांतील तक्ते शोधणे, त्यांतील आकडे उतरवून घेणे आणि एका वर्षाचे आकडे दुसऱ्या वर्षाच्या आकड्यांशी जुळवून पाहणे हे माझे रोजचे काम आहे. तुमच्यासारख्या संस्थांनी कागद स्कॅन केले नसते तर हे काम मला करताच आले नसते, याची मला पूर्ण जाणीव आहे. म्हणूनच एका दोषाकडे मी तुमचे लक्ष वेधू इच्छिते. पाने आडवी किंवा उलटी स्कॅन होतात हे तुम्हाला ठाऊक आहेच, आणि वाचकांची तक्रार आली की ती सरळही केली जातात. परंतु ही दुरुस्ती बहुतेक वेळा डोळ्यांना दिसण्यापुरतीच होते. पानामागे दडलेला, शोधयंत्राने वाचायचा मजकूर तसाच मोडका राहतो, आणि पान आता सरळ दिसत असल्यामुळे तो मोडका आहे हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

अलीकडे माझ्या हाती आलेल्या एका अहवालाचे उदाहरण येथे सविस्तर देते. संस्थेचे नाव लिहिण्याची गरज नाही, कारण हीच चूक कोठेही होऊ शकते.

मूळ अहवाल १६० पानांचा होता. त्याचे कागद वरच्या कडेला बांधलेले होते, म्हणजे भिंतीवरच्या दिनदर्शिकेसारखी त्याची पाने वरच्या बाजूला उलटायची. असे कागद सुटे करून दोन्ही बाजू एकाच वेळी टिपणाऱ्या स्कॅनरमध्ये घातले की प्रत्येक कागदाची पुढची बाजू सरळ येते आणि मागची बाजू डोके खाली, पाय वर अशी येते. स्कॅनरच्या सेटिंगमध्ये कागद कोणत्या कडेला बांधलेला आहे हे सांगण्याची सोय असते, पण येथे ते सांगायचे राहून गेले असावे. चालकाने त्यावर नेहमीचा उपाय केला: फाईलमधील सर्व सम क्रमांकांची पाने एकदम १८० अंशांत फिरवली. कागदाच्या मागच्या बाजू म्हणजे सम पाने, हा हिशेब वरवर पाहता बरोबरच होता.

तो हिशेब चुकला एका कोऱ्या पानामुळे. स्कॅनरमध्ये कोरी पाने आपोआप वगळण्याची सोय चालू होती. अहवालाचे ३८वे पान कोरे होते, ते वगळले गेले, आणि त्यामुळे कागदावरचे ३९वे पान फाईलमध्ये ३८वे झाले. हे पान मुळात सरळ होते, पण फाईलमध्ये सम क्रमांकावर आल्यामुळे ते फिरवले गेले आणि उलटे झाले. कागदावरचे ४०वे पान मुळात उलटे होते, पण ते आता ३९व्या, म्हणजे विषम जागेवर आल्यामुळे त्याला कोणी हात लावला नाही आणि तेही उलटेच राहिले. पुढे असेच चालत राहिले. मग ११२वे पानही कोरे निघाले, तेही वगळले गेले, आणि सम-विषमाचा मेळ पुन्हा बसला. परिणाम असा की फाईलची पहिली ३७ पाने सरळ, शेवटची ४८ पाने सरळ, आणि मधली ७३ पाने उलटी. फाईल स्वीकारण्यापूर्वी सुरुवातीची दहा आणि शेवटची दहा पाने पाहण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. त्या तपासणीत ही फाईल निर्दोषच ठरली असती, आणि तशी ती ठरलीही.

उलटे पान वाचणे म्हणजे नेमके काय, हे ज्यांना रोज करावे लागत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द लिहिते. फाईल पाहण्याच्या बहुतेक प्रोग्राममध्ये पान फिरवण्याचे बटण असते, पण ते साधारणपणे फक्त समोरचे दृश्य फिरवते. फाईल बंद करून पुन्हा उघडली की पान पूर्ववत उलटे असते, आणि फिरवलेले दृश्य अनेकदा सगळ्याच पानांना लागू होत असल्यामुळे सरळ असलेली पाने उलटी होऊन बसतात. मोबाइलवर आडवे पान वाचण्यासाठी मोबाइल आडवा धरावा, तर पडदाही त्याच्याबरोबर फिरतो आणि पान आडवेच राहते. तरीही डोळस वाचक कशीबशी वाट काढतो. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून असलेल्या दृष्टिहीन वाचकाला मात्र पान फिरवून काहीच मिळत नाही, कारण त्याच्यासाठी पान म्हणजे मागे दडलेला मजकूरच.

आता त्या दडलेल्या मजकुराकडे वळते. चित्रातून अक्षरे ओळखणारे ओसीआर सॉफ्टवेअर आधी पानावरच्या ओळी शोधते आणि मग एकेक ओळ वाचते. पान आडवे असले तर त्याला ओळीच धड सापडत नाहीत, आणि बहुधा मजकुराच्या जागी काही तुकडे किंवा निव्वळ रिकामी जागा मिळते. हा दोष निदान उघड असतो, कारण एवढ्या भरलेल्या पानातून पाचच शब्द का निघाले असा प्रश्न कोणालाही पडेल. पूर्ण उलट्या पानाचे तसे नाही. त्याच्या ओळी आडव्याच असतात, त्यांच्यातील अंतर ठीक असते आणि शब्दांमधल्या मोकळ्या जागाही जागेवर असतात. सॉफ्टवेअर निःशंकपणे प्रत्येक ओळीचे काहीतरी वाचन करते. देवनागरीत शिरोरेखा अक्षरांच्या डोक्यावरून पायाशी जाते, वेलांट्या आणि मात्रा खाली लोंबतात, उकार वर चढतात, आणि त्यातून जो मजकूर तयार होतो तो अक्षरांचाच असतो, लांबीलाही पुरेसा असतो, पण त्यातला एकही शब्द भाषेतला नसतो. पानातून किती अक्षरे निघाली एवढेच मोजणाऱ्या तपासणीला तो पकडता येत नाही.

आकड्यांच्या बाबतीत प्रकार याहून गंभीर होतो. या अहवालातील तक्ते आंतरराष्ट्रीय अंकांत छापलेले होते. या अंकांपैकी 0, 1 आणि 8 उलटे केले तरी जवळजवळ तसेच दिसतात, आणि 6 व 9 एकमेकांची जागा घेतात. म्हणून 68 हा पृष्ठक्रमांक उलट्या पानावर 89 असा दिसतो, 86 चा 98 होतो आणि 66 चा 99 होतो. 69 आणि 96 मात्र जसेच्या तसे राहतात, त्यामुळे केवळ पृष्ठक्रमांक पाहून अशी पाने उलटी आहेत हे कळणार नाही. ६८व्या पानावरच्या तक्त्यात एक बेरीज 1689 होती. काढलेल्या मजकुरात ती 6891 अशी मिळाली. हा आकडा निरर्थक वाटत नाही, आणि हाच त्यातला धोका आहे. शिवाय उलट्या पानाच्या ओळी शेवटून पहिल्या येतात, म्हणजे एकूण बेरजेची ओळ सर्वांत वर येते आणि उजवीकडचा रकाना डावीकडे जातो. शब्द बिघडले तर वाचक निदान थबकतो. आकडा बिघडला तर तो पुढच्या कोष्टकात शांतपणे जाऊन बसतो.

मी त्या संस्थेला ७३ पानांची यादी कळवली, आणि त्यांनी थोड्याच दिवसांत सुधारलेली फाईल ठेवली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. नव्या फाईलमध्ये प्रत्येक पान सरळ होते. मी मधल्या भागातल्या एका शीर्षकातील शब्द शोधून पाहिला, आणि तो सापडला नाही. तो परिच्छेद निवडून दुसरीकडे उतरवला, तर तीच जुनी अर्थहीन अक्षरे उमटली. ६८व्या पानावर डोळ्यांना 1689 दिसत होते आणि मजकुरात 6891 होते.

याचे कारण पीडीएफ फाईलच्या रचनेत आहे. प्रत्येक पानाच्या नोंदीत `/Rotate` नावाची एक किंमत ठेवता येते. ती ९०च्या पटीत असते आणि पान दाखवताना ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने किती अंशांत फिरवायचे एवढेच सांगते. आतले चित्र जसेच्या तसे राहते, आणि त्यावर पसरलेला अदृश्य मजकुराचा थरही तसाच राहतो. दोघेही मिळून फिरतात. मजकूर जर पान उलटे असताना काढलेला असेल, तर पान फिरवल्याने त्याचा फक्त कल बदलतो, त्याचे वाचन बदलत नाही. उलट आता दोष झाकला जातो. पूर्वी उलटे पान पाहून वाचक सावध तरी होत असे.

छायाचित्रांच्या फाईलींतही असाच एक संकेत असतो. जेपीईजी आणि टिफ फाईलींत दिशेची नोंद ठेवणारा टॅग असतो, त्याची किंमत १ ते ८ असते, आणि १ म्हणजे चित्र जसे आहे तसेच सरळ. काही प्रोग्राम हा टॅग पाळतात आणि काही पाळत नाहीत. मोबाइल टेबलावरच्या कागदावर आडवा धरून फोटो काढला की गुरुत्वाकर्षणावरून दिशा ठरवणाऱ्या सेन्सरला वर कोणते आणि खाली कोणते हे कळत नाही, आणि तो जे लिहील ते खरे धरावे लागते. म्हणून एका पडद्यावर सरळ दिसलेले पान ओसीआरच्या हाती आडवे पोहोचू शकते, आणि दोन्ही ठिकाणची माणसे आपापल्या जागी बरोबर असतात.

माझी पहिली आणि मुख्य मागणी कामाच्या क्रमाविषयी आहे. पानाची दिशा मजकूर काढण्यापूर्वी ठरवावी, आणि केवळ नोंदीत किंमत न बदलता चित्रातले पिक्सेलच फिरवून टॅग १ करावा, म्हणजे पुढच्या कोणत्याही प्रोग्रामच्या मर्जीवर काही अवलंबून राहणार नाही. असे केल्याने चित्राचा दर्जा घसरतो ही भीती मी अनेकदा ऐकली आहे. टिफमधील संकोचन हानिरहित असेल तर ९० किंवा १८० अंशांच्या फिरवणीने काहीच हरवत नाही. जेपीईजी चित्र `jpegtran` वापरून पुन्हा संकोचन न करता फिरवता येते. अट एवढीच की त्याची लांबी-रुंदी ८ किंवा १६ पिक्सेलच्या ठोकळ्यांत नेमकी बसायला हवी. ए-फोर पान ३०० डीपीआयला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेलचे होते. २४८० ला १६ ने पूर्ण भाग जातो, ३५०८ मध्ये मात्र ४ ओळी उरतात. त्या छाटल्या तर पानाच्या एका कडेचा सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर जातो. तेवढेही घालवायचे नसेल तर मूळ स्कॅन वेगळे जपून ठेवावे, आणि ते तसेही ठेवायलाच हवे.

दिशा ओळखण्याचे काम यंत्रावर सोपवता येते, पण त्याची मर्यादा ठाऊक असली पाहिजे. टेसरॅक्टसारखे खुले सॉफ्टवेअर केवळ दिशा आणि लिपी सांगू शकते:

```
tesseract page-038.png - --psm 0
```

त्या फाईलच्या ३८व्या चित्राला त्याने दिलेल्या उत्तरातल्या या ओळी पाहा:

```
Orientation in degrees: 180
Rotate: 180
Orientation confidence: 11.42
Script: Devanagari
```

येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की टेसरॅक्ट नेहमीच्या पद्धतीने चालवले तर ही तपासणी होत नाही. ती वेगळी मागावी लागते, आणि पान जसे मिळाले तसेच ते वाचले जाते. अनेक ठिकाणी सॉफ्टवेअरने दिशा पाहिलीच असेल असे गृहीत धरले जाते, आणि तेथेच चूक होते. दुसरी गोष्ट म्हणजे खात्रीचा आकडा. तो जास्त असेल तर पान निःशंक फिरवावे, आणि कमी असेल तर ते पान माणसापुढे यावे. नकाशा, हस्तलिखित, एखादे चित्र किंवा दोनच ओळींचे मुखपृष्ठ असेल तर यंत्र `Too few characters` असे सांगून ते पान सोडून देते. सोडलेले पान सरळ आहे असा त्याचा अर्थ नाही, म्हणून या पानांची वेगळी यादी निघाली पाहिजे.

तिरपे पान सरळ करणाऱ्या सोयीवरही या बाबतीत विसंबू नये. ती सोय दोन-चार अंशांचा कल काढते. ओळी आडव्या झाल्या की तिचे काम संपते, आणि उलट्या पानाच्या ओळी आडव्याच असतात.

यंत्रानंतर एकदा डोळ्यांनी पाहणे मला अपरिहार्य वाटते, आणि त्याला वाटतो तेवढा वेळ लागत नाही. पानांची लहान चित्रे एका पडद्यावर चाळीस बसतील अशी मांडली तर १५८ पाने चार पडद्यांत संपतात. इतक्या लहान चित्रात अक्षरे वाचता येत नाहीत, पण त्याची गरजही नसते. परिच्छेदाची शेवटची अपुरी ओळ सरळ पानावर डावीकडून सुरू होऊन मध्येच थांबते. उलट्या पानावर ती परिच्छेदाच्या डोक्यावर, उजव्या कडेला चिकटलेली दिसते. एकदा ही खूण ओळखीची झाली की उलटे पान गर्दीतूनही उठून दिसते. आडवे पान तर पिक्सेलच्या मापांवरूनच कळते, कारण उभ्या पानांच्या गठ्ठ्यात ३५०८ गुणिले २४८० असे माप आले की काहीतरी फिरलेले आहे. उलट्या पानाचे माप बदलत नाही, म्हणून केवळ मापांच्या यादीवर थांबता येणार नाही.

सम पाने फिरवा, विषम पाने राहू द्या, अशी सरसकट आज्ञा देण्याची पद्धत मात्र सोडावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. कागदापासून फाईलपर्यंत एकही पान वगळले गेले नसेल तरच ती बरोबर चालते. दोन कॅमेऱ्यांनी पुस्तकाची डावी आणि उजवी पाने टिपणाऱ्या यंत्रावरही हेच घडते: दोन्ही बाजू विरुद्ध दिशांना फिरवाव्या लागतात, आणि मध्ये एकच पान दोनदा टिपले गेले की तेथून पुढचे सगळे पुस्तक उलटते. कोरी पाने वगळायचीच असतील तर ती दिशा ठरवून आणि मजकूर काढून झाल्यावर वगळावीत. खरे तर ती ठेवावीत असेच माझे मत आहे, कारण त्यामुळे छापील पृष्ठक्रमांक आणि फाईलमधील क्रमांक यांचा मेळ राहतो.

एका प्रकारच्या पानांचे उत्तर इतके सरळ नाही. उभ्या पुस्तकात रुंद तक्ता आडवा छापलेला असतो, तेव्हा पृष्ठक्रमांक एका दिशेने आणि तक्ता दुसऱ्या दिशेने असतो, आणि पान कोणत्याही बाजूने धरले तरी काहीतरी आडवे राहते. येथे तक्ता सरळ राहील अशी दिशा ठेवावी, असे माझे मत आहे. वाचक त्या पानावर तक्त्यासाठी येतो, आणि पृष्ठक्रमांक आडवा राहिला तरी मागच्या-पुढच्या पानांवरून तो कळतो.

जी फाईल आधीच प्रसिद्ध झाली आहे आणि नंतर `/Rotate` बदलून सरळ केली गेली आहे, तिच्यातला जुना मजकूर काढून टाकून तो नव्याने काढणे हाच उपाय आहे. कागद पुन्हा स्कॅन करावे लागत नाहीत. `ocrmypdf` या खुल्या सॉफ्टवेअरने मी माझ्यापुरते ते असे केले:

```
ocrmypdf -l mar+eng --redo-ocr --rotate-pages ahval.pdf ahval-nava.pdf
```

यातील `--redo-ocr` अदृश्य मजकुराचा जुना थर काढून पान जसे दिसते तसे पुन्हा वाचते. त्यानंतर ६८व्या पानावरची बेरीज 1689 अशी मिळाली, आणि शीर्षकातला शब्द शोधल्यावर योग्य पान समोर आले. कोणत्या फाईलींना याची गरज आहे हे ओळखण्यासाठी `pdfinfo -f 1 -l 158 ahval.pdf` अशी आज्ञा द्यावी. प्रत्येक पानासमोर `rot` या शब्दापुढे ० किंवा दुसरा आकडा दिसतो. ० सोडून दुसरे काही दिसले, तर त्या पानाचा मजकूर फिरवण्यापूर्वी काढला की नंतर, हे त्यातला एखादा परिच्छेद निवडून उतरवला की लगेच कळते.

ज्या संस्थेच्या फाईलविषयी मी वर लिहिले आहे तिला नव्याने काढलेला मजकूर आणि फाईलमधील ३८ ते ११० या पानांची यादी मी पाठवली आहे. तुमच्या संग्रहातील फाईली वाचताना मला अशी पाने आढळली तर तीही याच पद्धतीने, फाईलमधील क्रमांक आणि छापील क्रमांक दोन्ही देऊन, कळवत राहीन. त्यासाठी प्रत्येक फाईलच्या पानावर चूक कळवण्याची एखादी जागा ठेवावी, आणि आलेली चूक दुरुस्त केल्यावर मजकूर पुन्हा काढला की नाही हेही तेथेच नोंदवावे, एवढी विनंती करते.

आपली नम्र,
तुमच्या संग्रहांची एक नियमित वाचक